ठाण्याची एक ओळ: लोकसंख्येचे कोष्टक तपासताना

लोकसंख्येच्या कोष्टकात एका जिल्ह्याच्या वाट्याला सहसा पाच आकडे येतात. क्षेत्रफळ, मागच्या जनगणनेची लोकसंख्या, ताज्या जनगणनेची लोकसंख्या, दहा वर्षांतील वाढीची टक्केवारी आणि दर चौरस किलोमीटरमागे राहणाऱ्या माणसांची संख्या, म्हणजे घनता. या पाचांपैकी मोजणीतून आलेले आकडे तीनच असतात. क्षेत्रफळ भूमापनातून येते आणि दोन्ही लोकसंख्या घरोघरी फिरलेल्या प्रगणकांच्या नोंदींतून. वाढ आणि घनता हे उरलेले दोन आकडे या तिघांवरून गणित करून काढलेले असतात. म्हणूनच छापलेली घनता आणि भागाकाराने येणारी घनता जुळली नाही, तर ओळीत काहीतरी बिघडले आहे हे दुसरे पुस्तक न उघडता कळते. नेमके काय बिघडले हे मात्र तेवढ्याने कळत नाही.

ठाणे जिल्ह्याची पुढील ओळ अशा तपासणीसाठी घेण्याजोगी आहे. क्षेत्रफळ ४,२१४ चौरस किलोमीटर, २००१ ची लोकसंख्या ८१,३१,८४९, २०११ ची लोकसंख्या १,१०,६०,१४८, दशवार्षिक वाढ ३६.०१ टक्के, घनता १,१५७. यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या सरकारी प्रकाशनात सापडतो. एकही आकडा छपाईची चूक नाही. तरीही ओळ चुकीची आहे.

पहिली कसोटी घनतेची. १,१०,६०,१४८ ला ४,२१४ ने भागले की २,६२५ येतात आणि ओळीत छापले आहेत १,१५७. हा फरक पूर्णांकात मांडताना पडणाऱ्या किरकोळ तफावतीचा नव्हे, तो दुपटीहून मोठा आहे. दुसरी कसोटी वाढीची. दोन लोकसंख्यांमधला फरक २९,२८,२९९ भरतो. त्याला २००१ च्या लोकसंख्येने भागून शंभराने गुणले की ३६.०१ येतात. म्हणजे वाढ जुळली आणि घनता फसली. दोन्ही लोकसंख्या वाढीच्या गणितात एकमेकींशी नीट बसतात, त्यामुळे संशय उरतो तो क्षेत्रफळावर किंवा घनतेवर.

या दोघांतला दोषी शोधायला गणित उलटे चालवावे लागते. घनता पूर्णांकात छापलेली असल्याने १,१५७ याचा अर्थ १,१५६.५ ते १,१५७.५ यांच्या मधले काहीही असा होतो. २०११ च्या लोकसंख्येला या दोन टोकांनी भागले, तर क्षेत्रफळ ९,५५५ ते ९,५६४ चौरस किलोमीटरच्या आसपास असायला हवे असे निघते. ४,२१४ त्याच्या जवळपासही नाही. अविभाजित ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ मात्र ९,५५८ होते आणि ते या पट्ट्यात चपखल बसते. चुकलेला रकाना क्षेत्रफळाचा आहे आणि त्याचे कारणही लगेच उमगते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. कोष्टक करणाऱ्याने लोकसंख्या, वाढ आणि घनता २०११ च्या जनगणनेतून उचलली, क्षेत्रफळ मात्र जिल्ह्याच्या आजच्या माहितीतून घेतले. एकाच ओळीत दोन वेगवेगळे ठाणे जिल्हे येऊन बसले.

जनगणनेच्या आधी प्रशासकीय सीमा गोठवण्याची पद्धत आहे. २०११ च्या जनगणनेसाठी ती तारीख ३१ डिसेंबर २००९ होती. त्या दिवशी जे जिल्हे आणि तालुके अस्तित्वात होते, त्यांच्याच हद्दींत मोजणी झाली. त्यामुळे २०११ च्या मूळ अहवालात महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. ज्या कोष्टकात ३६ जिल्हे आणि २०११ ची लोकसंख्या एकत्र दिसते, ते नंतर कोणीतरी बेरीज-वजाबाकी करून बांधलेले असते. असे बांधणे गैर नाही, पण ते कोष्टक जरा अधिक डोळसपणे पाहावे.

ठाण्याची ओळ दुरुस्त करताना दोन चुका हमखास होतात. पहिली सोपी असते. छापलेली घनता खोडून तिथे २,६२५ लिहिले जातात. आता भागाकार जुळतो, पण हा आकडा कोणत्याच जिल्ह्याचा नसतो. विरार, पालघर, जव्हार इथली माणसे मोजायची आणि त्यांची जमीन मात्र सोडून द्यायची, असा तो हिशेब होतो.

दुसरी चूक अधिक फसवी. विभाजनानंतरच्या ठाण्याची २०११ ची लोकसंख्या ८०,७०,०३२ आहे हे शोधून ती ओळीत घातली जाते आणि उरलेले गणित पुन्हा केले जाते. घनता येते १,९१५ आणि ती बरोबर आहे. वाढ मात्र येते उणे ०.७६ टक्के, कारण २००१ चा आकडा अजून अखंड ठाण्याचाच राहिला आहे. ही ओळ आता गणिताच्या दोन्ही कसोट्यांना उतरते. क्षेत्रफळ आणि लोकसंख्येवरून घनता जुळते, दोन लोकसंख्यांवरून वाढ जुळते. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्याला यात काहीच वावगे दिसणार नाही. वावगे दिसेल ते कल्याण, डोंबिवली, भिवंडीचा परिसर माहीत असलेल्याला, कारण २००१ ते २०११ या काळात तिथली वस्ती घटली यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

इथे एक तिसरी कसोटी उपयोगी पडते. क्षेत्रफळ बदलले नसेल तर घनता आणि लोकसंख्या एकाच प्रमाणात वाढतात, कारण दोन्ही घनतांच्या गुणोत्तरात छेदातले क्षेत्रफळ उडून जाते. अखंड ठाण्याची २००१ ची घनता ८५१ होती आणि २०११ ची १,१५७. दोन्हींचे गुणोत्तर १.३५९६, म्हणजे ३५.९६ टक्के वाढ. छापलेल्या ३६.०१ शी ती जुळते आणि उरलेला फरक पूर्णांकांचा आहे. दुरुस्त म्हणवणाऱ्या ओळीत मात्र ८५१ वरून १,९१५ अशी उडी दिसेल. घनता दुपटीहून अधिक झाली आणि लोकसंख्या घटली, असे फक्त हद्द बदलली तरच घडू शकते. म्हणून चांगल्या कोष्टकात दोन्ही जनगणनांची घनता छापलेली असते. एकाच सालची घनता देणारे कोष्टक ही कसोटी वाचकाच्या हातून काढून घेते.

ही कसोटी सगळीकडे सारखी धारदार नसते. गडचिरोलीची घनता २००१ मध्ये ६७ आणि २०११ मध्ये ७४ होती. या दोन पूर्णांकांवरून वाढ १०.४५ टक्के निघते आणि प्रत्यक्षात ती १०.५८ टक्के आहे. घनतेचा आकडा लहान असला की अर्ध्या एककाचा फरकही मोठा ठरतो. ६७ आणि ७४ हे आकडे सुमारे ९ पासून १२ टक्क्यांपर्यंतच्या कोणत्याही वाढीशी सुसंगत आहेत. विरळ वस्तीच्या जिल्ह्यात एक-दीड टक्क्याची तफावत पाहून चूक सापडली असे म्हणण्यात घाई होते.

ठाण्याची बरोबर ओळ खरे तर दोन प्रकारे मांडता येते. एक, २०११ च्या हद्दीप्रमाणे: ९,५५८ चौरस किलोमीटर, ८१,३१,८४९, १,१०,६०,१४८, ३६.०१ टक्के, घनता १,१५७. दुसरी, आजच्या हद्दीप्रमाणे: ठाणे ४,२१४ चौरस किलोमीटर, ८०,७०,०३२ माणसे, घनता १,९१५, पालघर ५,३४४ चौरस किलोमीटर, २९,९०,११६ माणसे, घनता ५६०. दोन्ही जिल्ह्यांची क्षेत्रफळे मिळवली की ९,५५८ आणि लोकसंख्या मिळवल्या की १,१०,६०,१४८ भरतात, त्यामुळे विभाजनाचा हिशेब चोख आहे याची खात्री पटते. वाढीच्या रकान्यासाठी मात्र २००१ ची तालुकावार लोकसंख्या काढून ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड या सात तालुक्यांची बेरीज करावी लागते, आणि उरलेल्या आठ तालुक्यांची पालघरसाठी. ती हाताशी नसेल तर तो रकाना कोरा ठेवून खाली टीप द्यावी. दोन्ही नव्या जिल्ह्यांपुढे जुन्या ठाण्याचे ३६.०१ टक्के लिहून मोकळे होणे ही सोय आहे, माहिती नव्हे. मुंबईला लागलेला शहरी पट्टा आणि मोखाड्यासारखे डोंगराळ तालुके एकाच वेगाने वाढले असे मानायला काहीही आधार नाही.

याच दोन ओळींत आणखी एक सापळा आहे. ठाण्याची घनता १,९१५ आणि पालघरची ५६०, तर दोघांची मिळून किती? सरासरी काढली तर सुमारे १,२३८ येतात. खरे उत्तर १,१५७ आहे. घनतांची सरासरी काढायची नसते. आधी माणसांची बेरीज, मग जमिनीची बेरीज आणि शेवटी भागाकार. वाढीच्या टक्केवारीचेही तसेच. कोष्टकाच्या तळाशी असलेली ‘एकूण’ ही ओळ रकान्यांची सरासरी घेऊन भरली असेल, तर वरच्या सगळ्या ओळी बरोबर असूनही ती एकटी चुकते.

कोष्टक मोठे असेल तर ही तपासणी एक्सेलमध्ये लावणे सोपे. B रकान्यात क्षेत्रफळ, C आणि D मध्ये दोन लोकसंख्या, E मध्ये छापलेली घनता आणि F मध्ये छापलेली वाढ असल्यास शेजारच्या दोन रिकाम्या रकान्यांत ही सूत्रे पुरतात:

```
=D2/B2-E2
=(D2-C2)/C2*100-F2
```

पहिल्या सूत्राचे उत्तर उणे ०.५ ते अधिक ०.५ च्या आत असावे. दुसऱ्याचे, वाढ दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेली असल्यास, ०.००५ पेक्षा मोठे नसावे. याबाहेर गेलेल्या ओळी वेगळ्या काढल्या की त्या कोणत्या रचनेत फसल्या आहेत यावरून दोषी रकाना ओळखता येतो. फक्त वाढ चुकली तर टक्केवारीच बिघडलेली असते किंवा २००१ ची लोकसंख्या. फक्त घनता चुकली तर क्षेत्रफळ किंवा घनता. दोन्ही चुकल्या तर पहिला संशय २०११ च्या लोकसंख्येवर घ्यावा, कारण दोन्ही गणितांत येणारा तो एकमेव आकडा आहे.

तफावत किती पटीची आहे यातही खूण असते. छापलेली घनता आपल्या उत्तराच्या २.५९ पट निघाली, तर क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये आणि घनता चौरस मैलामागची असावी, कारण एक चौरस मैल म्हणजे २.५९ चौरस किलोमीटर. जुन्या गॅझेटियरांतले आकडे नव्या तक्त्यात उतरवताना हे घडते. शंभराच्या पटीचा फरक असेल तर हेक्टर आठवावेत.

वाढीच्या रकान्यातल्या चुकांनाही असे ठसे असतात. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ७२,३२,५५५ वरून ९४,२९,४०८ झाली. वाढ ३०.३७ टक्के. तिथे २३.३० छापलेले दिसले, तर फरक २००१ ऐवजी २०११ च्या लोकसंख्येने भागला आहे हे उघड होते. रत्नागिरीच्या बाबतीत चूक चिन्हाची होते. तिथली लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, म्हणजे उणे ४.८२ टक्के. सिंधुदुर्गही उणे २.२१ टक्के आहे. उणे चिन्ह छपाईत गळले की कोकणातले हे दोन जिल्हे वाढत असल्याचे भासते आणि शेजारच्या दोन लोकसंख्यांकडे नजर टाकल्याशिवाय ते कोणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यांत चकवणारी तफावत तात्पुरत्या आणि अंतिम आकड्यांची. जनगणना झाली की काही आठवड्यांतच तात्पुरती बेरीज जाहीर होते आणि अंतिम आकडे सावकाश येतात. महाराष्ट्राची २००१ ची तात्पुरती लोकसंख्या ९,६७,५२,२४७ होती, अंतिम ९,६८,७८,६२७. तात्पुरत्या आकड्यावरून १९९१ ते २००१ या दशकाची वाढ २२.५७ टक्के येते, अंतिम आकड्यावरून २२.७३. पुढच्या दशकाची अधिकृत वाढ १५.९९ टक्के आहे आणि ती अंतिम आकड्यावर बेतलेली आहे. कोष्टकात २००१ चा तात्पुरता आकडा राहून गेला असेल, तर गणित करणाऱ्याच्या हाती १६.१५ येतात आणि तो अधिकृत टक्केवारीलाच चूक ठरवतो.

मुंबई शहर जिल्ह्यात हा फरक आणखी ठळक आहे. तिथली २०११ ची तात्पुरती लोकसंख्या ३१,४५,९६६ होती आणि घट ५.७५ टक्के. अंतिम लोकसंख्या ३०,८५,४११ झाली आणि घट ७.५७ टक्के. आकडे तेच, फक्त उलटसुलट, त्यामुळे मुद्रितशोधकाला हा जुळाऱ्याचा घोळ वाटला तर नवल नाही. प्रत्यक्षात दोन्ही टक्केवाऱ्या आपापल्या लोकसंख्येशी अचूक जुळतात. २००१ ची लोकसंख्या ३३,३८,०३१ घेऊन दोन भागाकार केले की शंका मिटते. चूक तेव्हाच, जेव्हा एका संचातली लोकसंख्या दुसऱ्या संचातल्या टक्केवारीशेजारी बसते.

कधी ओळ जुळत नसते आणि तरीही ती बरोबर असते. भारताचे क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर आणि २०११ ची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७. भागाकार ३६८ येतो. जनगणनेत मात्र घनता ३८२ दिली आहे. याचे उत्तर तळटिपेत असते. पाकिस्तान आणि चीनच्या बेकायदा ताब्यातील १,२०,८४९ चौरस किलोमीटर प्रदेश देशाच्या क्षेत्रफळात धरलेला आहे, पण तिथे जनगणना होत नाही, म्हणून घनता काढताना तो वगळतात. उरलेल्या ३१,६६,४१४ चौरस किलोमीटरने भागले की ३८२ येतात. तेव्हाच्या जम्मू-काश्मीर राज्यात हा फरक दुपटीहून मोठा होतो. २,२२,२३६ ने भागले तर घनता ५६, आणि प्रत्यक्ष मोजणी झालेल्या १,०१,३८७ चौरस किलोमीटरने भागले तर १२४. छापलेला आकडा १२४ आहे आणि तोच अर्थपूर्ण आहे, कारण अंशात ज्या प्रदेशातली माणसे आहेत त्याच प्रदेशाची जमीन छेदात असायला हवी. तळटीप न उतरवता कोष्टक नकलून घेतले की बरोबर ओळही चुकीची दिसू लागते.

गणिताच्या कसोट्या जिथे संपतात अशीही एक जागा आहे आणि ती पुन्हा मुंबईतच सापडते. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५७ चौरस किलोमीटर धरले आहे, उपनगर जिल्ह्याचे ४४६. बेरीज ६०३. शहराची घनता १९,६५२ आणि उपनगराची २०,९८०, दोन्ही भागाकार तंतोतंत. पण बृहन्मुंबई महानगरपालिकेचे क्षेत्रफळ सुमारे ४३७ चौरस किलोमीटर सांगितले जाते आणि कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर जिल्ह्याचे सुमारे ६८. तो आकडा घेतला तर शहराची घनता ४५ हजारांवर जाते. लोकसंख्या तीच, वाढ तीच, उणे ७.५७ टक्के. दोन्ही जनगणनांना एकच क्षेत्रफळ लावले, तर घनतांच्या गुणोत्तराची कसोटीही दोन्ही वेळा उत्तीर्ण होते, कारण त्या कसोटीत क्षेत्रफळ उडूनच जाते. १५७ की ६८, याचा निवाडा कोष्टकातल्या कोणत्याही भागाकाराने होत नाही. त्यासाठी भूमापनाचा नकाशा पाहावा लागतो. तोवर कोष्टकात क्षेत्रफळाचा उगम लिहावा आणि मुंबई शहराची घनता इतर जिल्ह्यांशेजारी मांडताना सगळ्यांची क्षेत्रफळे जनगणनेचीच घ्यावीत. शहराला एका दप्तरातले ६८ आणि उपनगराला दुसऱ्या दप्तरातले ४४६ लावले, तर दोन्ही ओळी स्वतंत्रपणे जुळतील, पण शहराची घनता उपनगराच्या दुपटीहून अधिक दिसेल आणि त्यातला किती भाग वस्तीचा नि किती दप्तरांच्या फरकाचा, हे वेगळे काढता येणार नाही.